जांभ्याची भिंत, हिरवे लुगडे

लाल जांभ्याच्या भिंतीसमोर हिरवे लुगडे नेसून बसलेली म्हातारी. रंगीत फोटोत याहून ठसठशीत जोडी सापडणे कठीण. पण हाच फोटो फोनमधल्या मोनो फिल्टरखाली घातला, की भिंत आणि लुगडे दोन्ही सारख्याच राखाडी रंगाची होतात आणि म्हातारी भिंतीत विरून जाते. फोटो काढणारा वैतागतो, कॉन्ट्रास्टची पट्टी शेवटपर्यंत ओढतो, आणि मग सगळाच फोटो काळवंडतो. लुगडे मात्र भिंतीपासून सुटत नाही ते नाहीच.

असे का होते, हे एकदा नीट समजले तर कोणता फोटो कृष्णधवल करावा आणि केल्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट कसा बसवावा, या दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे हाती येतात. म्हणून आधी थोडे मुळाशी जाऊ.

डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका तीन आकड्यांनी बनतो: लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. कृष्णधवल ठिपक्याला मात्र एकच आकडा लागतो, तो किती उजळ आहे एवढाच. तेव्हा तिनाचा एक करावा लागतो. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे जुने सूत्र टीव्हीच्या जगातून आले आहे. त्यात लाल सुमारे ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के असा हिशेब धरतात. वाटे असे विषम असण्याचे कारण आपल्या डोळ्यात आहे. सारख्याच जोराच्या तीन प्रकाशांपैकी हिरवा आपल्याला सर्वांत उजळ भासतो आणि निळा सर्वांत मंद.

आता भिंतीकडे आणि लुगड्याकडे पाहू. कोकणातल्या एका पडवीत काढलेला असा एक फोटो माझ्याकडे आहे. मागे गिलावा न केलेली चिऱ्यांची भिंत, पुढे मांडी घालून बसलेल्या आजी, त्यांच्या हातात तांदळाचे सूप. उजेड डावीकडून, अंगणातून येतो. संगणकावर भिंतीचे आकडे तपासले तर लाल १६५, हिरवा ८५, निळा ६० असे निघतात. लुगड्याचे निघतात लाल ५०, हिरवा १४०, निळा ८०. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध दिसत नाही. पण वरचे सूत्र लावून पाहा: भिंतीची उजळता येते १०६ आणि लुगड्याचीही येते १०६. डोळ्याला जो जोरदार फरक वाटत होता तो सगळा रंगाचा होता, उजेडाचा त्यात कणभरही नव्हता. रंग काढला तेव्हा फरकही निघून गेला.

कॉन्ट्रास्टची पट्टी इथे हतबल का ठरते, तेही यातूनच कळते. ती पट्टी मध्याच्या वरचे आकडे आणखी वर ढकलते आणि खालचे आणखी खाली. १०६ आणि १०६ यांना ती एकाच दिशेने, एकाच अंतरावर नेणार. जे दोन आकडे आधीच समान आहेत त्यांच्यात फरक पाडणे तिच्या हातात नाही. तो फरक रंग काढताना, म्हणजे तिनाचा एक होत असतानाच, पाडावा लागतो. त्या कामाकडे वळण्याआधी, मुळात कोणता फोटो या खटाटोपाला लायक आहे ते पाहू.

त्याच घरी, त्याच दुपारी काढलेला दुसरा एक फोटो आहे. अंगणात पांढऱ्या धोतरावर कोकमाची फोडलेली फळे उन्हात वाळत घातली आहेत. उजळतेच्या दृष्टीने हा फोटो उत्तम आहे. कापड २३० च्या आसपास, कोकमे ५० च्या आसपास. कृष्णधवल केला तर काळ्या ठिपक्यांचे झकास नक्षीकाम दिसते. तरीही तो मी रंगीतच ठेवला आहे. कारण रंग गेल्यावर ती कोकमे आहेत हेच कळत नाही. सुकी मासळी असेल, बिब्बे असतील, कशाच्या तरी साली असतील. कोकमाचा तो काळपट तांबडा रंग आणि धोतरावर उमटलेले गुलाबी डाग हाच त्या फोटोचा विषय होता.

म्हणजे पारखायच्या गोष्टी दोन आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत. पहिली: रंगाशिवाय फोटोतला अर्थ शिल्लक राहतो का? दुसरी: उजळतेत फरक आहे का, किंवा तो पाडता येईल का? दुसऱ्या बाबतीत फोटो कमी पडला तर उपाय आहे. पहिल्या बाबतीत पडला तर नाही. गुलालाने माखलेली जोतिबाची यात्रा, पळसाचे फुललेले झाड, खंड्या पक्षी, पैठणीचा पदर यांचे फोटो कृष्णधवल करताना माझा हात थांबतो. तिथे रंग हीच बातमी असते. रघुबीर सिंग यांनी तर आयुष्यभर हट्टाने रंगीत छायाचित्रण केले. भारत पाहायचा तर रंगातच पाहायला हवा, अशी त्यांची ठाम धारणा होती आणि १९९८ साली आलेल्या त्यांच्या मोठ्या पुस्तकाचे नावच ‘रिव्हर ऑफ कलर’ असे आहे. मला त्यांचे म्हणणे सरसकट पटत नाही, पण कृष्णधवल करण्याआधी ते मनाशी आठवून पाहावे इतके ते वजनदार नक्कीच आहे.

मग रंगाशिवाय उभे राहणारे फोटो कोणते? ज्यांत उजेडाला दिशा आहे ते. बाजूने आलेल्या उजेडात सुरकुत्या, दगडाचा खडबडीतपणा, विणलेल्या सुपाच्या पट्ट्या, ओल्या रस्त्याची चमक हे सगळे उजेड आणि सावली यांनीच घडलेले असते, त्यामुळे रंग गेला तरी त्याला धक्का लागत नाही. डोक्यावर आलेल्या उन्हात किंवा फ्लॅशच्या समोरून पडलेल्या प्रकाशात हाच पोत सपाट होतो. दुसरे म्हणजे ज्या फोटोत रंग उपरा आहे. आजींच्या चेहऱ्यावरचा भाव टिपायचा आहे आणि कोपऱ्यात निळीभडक प्लास्टिकची बादली आहे. नजर आधी बादलीकडे जाते. कृष्णधवलमध्ये ती बादली गडद राखाडी होऊन मागे सरते. धुक्यातला घाट, पावसातली लोकल, चुलीच्या धुरातले स्वयंपाकघर यांत तर मुळातच रंग थोडा असतो.

अंधूक, हललेला, फिका पडलेला फोटो ‘निदान कृष्णधवल तरी करून पाहू’ म्हणून बदलण्याची सवय मला पटत नाही. रंग काढल्यावर नजर कडांवर आणि पोतावर अधिक टिकते. म्हणजे फोटो हललेला असेल तर ते जास्तच जाणवते. ढगाळ दुपारचा सपाट उजेड रंग काढल्याने जिवंत होत नाही. एका बाबतीत मात्र कृष्णधवल खरोखर मदतीला येते. घरात एका बाजूने पिवळा बल्ब आणि दुसऱ्या बाजूने पांढरी ट्यूब असली, की अर्धा चेहरा केशरी आणि अर्धा हिरवट दिसतो. रंगात ते दुरुस्त करणे फार किचकट असते. रंग काढला की ती विसंगती जाते आणि दोन बाजूंनी आलेला उजेड तेवढा राहतो.

लग्नाच्या मंचावरच्या जांभळ्या-निळ्या एलईडी दिव्यांना मात्र हा उपाय लागू पडत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. त्या दिव्यात चेहऱ्याची जवळपास सगळी माहिती एकट्या निळ्या आकड्यात साठलेली असते, लाल आणि हिरवा तळाशी गेलेले असतात. साध्या सूत्रात निळ्याचा वाटा ११ टक्केच असल्याने चेहरा काळा पडतो. निळ्याचा वाटा वाढवला तर चेहरा उजळतो खरा, पण त्यावर वाळू सांडल्यासारखे कण उठतात किंवा गाल पांढऱ्या सपाट चकत्यांसारखे होतात.

फोटो निवडताना झटपट अंदाज घ्यायचा तर डोळे बारीक करून पाहा. बारकावे जातात आणि गडद-उजळ पट्टे उरतात. मुख्य विषय त्या पट्ट्यांत ओळखू येतो का, एवढेच बघायचे. पुढचे फोटो काढताना आधीच अंदाज हवा असेल तर कॅमेऱ्याला मोनोक्रोम मोडवर ठेवून रॉ फाइलमध्ये काढा. मागच्या पडद्यावर कृष्णधवल चित्र दिसते आणि रॉ फाइलमध्ये रंगाची माहिती शाबूत राहते. जेपेगमध्ये हेच केले तर रंग कायमचे जातात आणि पुढे सांगणार आहे ते काहीच करता येत नाही.

फिल्मच्या काळात हा निर्णय फोटो काढण्यापूर्वीच घ्यावा लागे. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीत १० एप्रिल १९२७ रोजी ॲन्सल ॲडम्स हा तरुण छायाचित्रकार हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर उभा होता. त्याच्याजवळ काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आले की यात आकाश नुसते राखाडी येईल आणि कड्याचा जो दरारा मनाला जाणवतो आहे तो उतरणार नाही. शेवटच्या प्लेटीसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून निळे आकाश जवळजवळ काळे उमटले आणि उन्हातला कडा त्यावर झळाळून उठला. त्या फोटोचा परिणाम कॉन्ट्रास्ट वाढवून साधलेला नव्हता. कोणत्या रंगाला किती उजळ होऊ द्यायचे, हे ठरवण्यातून तो आला होता.

आज ती काच आपल्याला फोटो काढून झाल्यावरही लावता येते, कारण रंगांचे तिन्ही आकडे फाइलमध्ये जपलेले असतात. स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइट साधनात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर दिलेले आहेत. लाइटरूममध्ये आठ रंगांच्या आठ पट्ट्या असतात आणि प्रत्येक रंग राखाडीत उतरताना किती उजळ व्हावा ते त्यांतून ठरते. फुकट मिळणाऱ्या जिंपमध्ये मोनो मिक्सर आहे, तिथे लाल, हिरवा आणि निळा यांचे वाटे थेट आकड्यांत देता येतात. सॅच्युरेशनची पट्टी शून्यावर नेणे हा मार्ग मात्र टाळावा. तिथे वाटे ठरवण्याची सोयच नसते, ॲप जे देईल ते घ्यावे लागते. आणि प्रत्येक ॲपचा हिशेब वेगळा असतो. फोटोशॉपमधल्या डीसॅच्युरेट आज्ञेत तर भडक लाल, भडक हिरवा आणि भडक निळा हे तिन्ही एकाच मधल्या राखाडीत उतरतात.

आता आजींच्या फोटोवर प्रत्यक्ष हे करून पाहू. भिंत आणि लुगडे यांच्याबरोबर तिसरा आकडा चेहऱ्याचा घेऊ, कारण फोटो त्याच्यासाठी आहे. उजेडातल्या गालाचे आकडे लाल १५०, हिरवा १०५, निळा ८०. साध्या सूत्राने त्याची उजळता येते ११६. भिंतीच्या १०६ पासून फार लांब नाही.

आधी पूर्ण लाल फिल्टर, म्हणजे फक्त लाल आकडा घेऊ. भिंत १६५, लुगडे ५०, गाल १५०. लुगडे भिंतीपासून झटक्यात सुटले. पण ते जरा जास्तच काळे झाले, आणि गाल भिंतीच्या जवळ गेला तो गेलाच. उलट फक्त हिरवा आकडा घेतला तर भिंत ८५, गाल १०५, लुगडे १४०. भिंत मागे सरली, आजी पुढे आल्या. पहिल्या नजरेला हे बरे वाटते. थोडा वेळ पाहिले की दोन खोडी दिसतात. लुगडे चेहऱ्यापेक्षा उजळ झाल्याने नजर चेहऱ्यावर ठरत नाही, घसरून मांडीवर येते. शिवाय हिरव्यात त्वचेवरचा प्रत्येक डाग आणि सुरकुती करडी होते. त्वचेचे डाग बहुतेक लालसर-तपकिरी असतात. लाल आकड्यात ते आजूबाजूच्या त्वचेत मिसळून जातात आणि हिरव्या-निळ्यात गडद होतात. त्यामुळे लाल फिल्टर त्वचा मऊ दाखवतो आणि हिरवा राकट. कोळ्याच्या किंवा गवंड्याच्या रापलेल्या चेहऱ्याला हिरवा शोभून दिसला असता. आजींना नाही.

मी लाल ६० टक्के आणि हिरवा ४० टक्के असा वाटा घेतला. भिंत १३३, लुगडे ८६, गाल १३२. लुगड्याचा गडदपणा नेमका हवा तसा आला, निऱ्या दिसतात आणि फोटोला खाली वजन आले. गाल आणि भिंत मात्र एकमेकांना चिकटले. आठ पट्ट्यांच्या साधनाने ते सुटतील का? नाही. जांभा आणि उन्हातली गव्हाळ त्वचा हे दोन्ही रंगचक्रात नारिंगीच्याच घरात बसतात. नारिंगीची पट्टी हलवली की दोघेही एकत्र हलतात. रंगावरून उजळता ठरवण्याच्या या सगळ्या पद्धतीची हीच मर्यादा आहे: दोन वस्तूंचे रंग सारखे असतील तर तिला त्यांच्यात भेद करता येत नाही. आणि ज्यांना रंगच नाही अशा वस्तूंना ती हलवूही शकत नाही. आजींचे पांढरे केस आणि सुपातले तांदूळ लालमध्ये घेतले, हिरव्यात घेतले तरी २०० च्या वरच राहतात.

इथे केसांनीच अर्धे काम केले होते. चेहऱ्याभोवती उजळ केसांची कडा असल्याने कपाळ भिंतीपासून वेगळे दिसत होते. प्रश्न उरला गालाचा आणि हनुवटीचा. तो हाताने, म्हणजे फोटोच्या तेवढ्याच भागात उजेड कमी-जास्त करून सोडवावा लागतो. अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरखाली काम करणारे लोक हाताच्या सावलीने कागदाचा एखादा भाग झाकत किंवा त्याला जास्त वेळ प्रकाश देत. आज ब्रशने तेच करता येते, स्नॅपसीडमध्ये सिलेक्टिव्ह नावाच्या साधनाने. डोक्यामागच्या आणि उजव्या खांद्याजवळच्या भिंतीचा भाग मी मऊ कडेच्या मोठ्या ब्रशने हळूहळू १३३ वरून ९५ च्या आसपास उतरवला. गाल थोडा, १४५ पर्यंत वर आणला. जांभ्याला भोके आणि खड्डे असल्याने ब्रशची सीमा त्यात सहज लपली. मागे गिलाव्याची गुळगुळीत भिंत असती तर एवढा फरक डोक्याभोवतीच्या काळपट वलयासारखा दिसला असता आणि तेव्हा निम्म्यावरच थांबावे लागले असते.

गाल १४५ वर थांबवला त्याला कारण आहे. नारिंगीची पट्टी वर ओढली की भारतीय चेहरा लगेच गोरा होतो, आणि अनेक जण तिथेच खूश होतात. सावळ्या माणसाचा कृष्णधवल फोटो सावळाच दिसला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. गडद त्वचेवर उजेडाची चमक फार सुंदर पडते: गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर, कपाळाच्या उंचवट्यावर. त्वचा सरसकट उजळ केली की ती चमक आणि त्वचा यांतला फरकच पुसला जातो आणि चेहऱ्याची घडण हरवते.

हे सगळे झाल्यावर कॉन्ट्रास्टकडे यायचे. एव्हाना त्याला फार थोडे काम उरलेले असते. आधी दोन टोके बसवायची. आपल्या फोटोत सर्वांत गडद जागा म्हणजे मागच्या अर्धवट उघड्या दाराची फट, तिची उजळता १२. तिथे पाहण्यासारखे काहीच नाही, म्हणून ती निश्चिंतपणे ० वर नेली. सर्वांत उजळ जागा म्हणजे सुपातले तांदूळ, २२० च्या आसपास. त्यांना २५५ वर नेले तर दाणे दिसणार नाहीत, पांढरा पट्टा दिसेल. म्हणून ते २४० वर थांबवले. कोणती जागा पूर्ण काळी होऊ द्यायची आणि कोणती पूर्ण पांढरी, हे ‘तिथे काही पाहायचे आहे का’ या प्रश्नावर ठरते. लुगड्याच्या निऱ्यांतल्या सावल्या ३५ च्या आसपास होत्या. काळे टोक सरकवल्यावर त्या २५ पर्यंत उतरल्या, पण निरी कुठे वळते ते अजून कळत होते. आणखी खाली नेले असते तर लुगड्याचा गोळा झाला असता. संगणकावरच्या लाइटरूममध्ये ऑल्टची कळ दाबून काळ्याची किंवा पांढऱ्याची पट्टी हलवली तर माहिती गमावलेल्या जागा तेवढ्या ठळक दिसतात. फोनवर फोटो मोठा करून सावल्यांत फिरून पाहावे लागते.

मग मधला भाग. इथे कॉन्ट्रास्टच्या एका पट्टीपेक्षा कर्व्ह नावाचे साधन जास्त कामाचे, कारण त्यात कोणत्या पट्ट्यात फरक वाढवायचा ते आपण ठरवतो. मी रेषा खाली किंचित दाबली आणि वर किंचित उचलली: ६४ चे ५६ झाले आणि १९२ चे २००. त्यामुळे मधली रेषा थोडी उभी झाली आणि गाल, भिंत, सूप यांतला फरक वाढला. याची किंमत द्यावी लागते. मध्ये फरक वाढला की टोकांना तो तेवढाच दबतो. अगदी गडद सावल्या एकमेकींत मिसळू लागतात, अगदी उजळ भाग सपाट होऊ लागतात. कर्व्ह फार वाकवला की आधी निऱ्या जातात, मग तांदूळ. तुमच्या फोटोत असे कोणते बारकावे आधी जातील ते हेरून ठेवा आणि कर्व्ह हलवताना नजर त्यांच्यावरच ठेवा.

सगळ्याच फोटोंना काळे-पांढरे दोन्ही टोक हवे असते, असेही नाही. धुक्यातल्या घाटाच्या फोटोत सर्वांत गडद झाडही ७० च्या खाली गेलेले नसते. तिथे ओढूनताणून काळे आणले की धुके जाते आणि मळकट आकाश उरते. पावसातल्या फोटोचेही तसेच. उजेड जितका मऊ होता तितका तो फोटोतही मऊ ठेवावा.

निळ्या आकाशाच्या बाबतीत सर्वांत जास्त बिघाड होतात, म्हणून तिथे थोडे थांबतो. किल्ल्याचा फोटो आहे, वर निळे आकाश आणि पांढरे ढग आहेत. निळ्याची पट्टी खाली ओढली की ढग उठून दिसतात, पाहणारा सुखावतो आणि पट्टी शेवटपर्यंत नेतो. मग फोटो शंभर टक्के मोठा करून बुरुजाची कड पाहा. तिथे पांढरी बारीक रेघ दिसेल, जणू बुरुज कातरून चिकटवला आहे. कडेच्या ठिपक्यांत आकाश आणि दगड यांचे रंग मिसळलेले असतात. ते धड निळे नसतात, म्हणून पट्टीबरोबर खाली जात नाहीत आणि उजळच राहतात. आकाशात कणही दिसू लागतील, आणि जेपेग असेल तर वरून खाली पायऱ्या पडल्यासारखे पट्टे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात, म्हणून तीच ओढाताण तिथे पुष्कळ सोसते. रेघ दिसली की पट्टी निम्म्यावर आणायची आणि उरलेला काळोख हवाच असेल तर वरून खाली उतरत्या छटेने तेवढे आकाश गडद करायचे. आणि मे महिन्यात सह्याद्रीवर असते तसे पांढुरके, धुळकट आकाश असेल तर निळ्याची पट्टी ओढून काहीच होत नाही, कारण त्यात निळा रंगच नसतो. आकाश गडद करण्यासाठी लाल फिल्टर लावला तर खालचा लाल डोंगर तेवढा पांढरा होतो.

भडक लाल कपड्याबाबतही अशीच एक गोष्ट तपासायची. वारकऱ्याचा लाल फेटा किंवा नवरीचा लाल शालू उन्हात असेल तर त्याचा लाल आकडा बऱ्याचदा २५५ ला जाऊन टेकलेला असतो. रंगीत फोटोत ते जाणवत नाही, कारण हिरव्या-निळ्यात कापडाची वीण टिकून असते. लाल फिल्टर लावला की ती वीण नाहीशी होऊन फेटा कोऱ्या कागदासारखा दिसतो. लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम पाहिला तर लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. अशा फोटोला हिरव्याचा वाटा मोठा द्यावा. फेटा गडद येईल, पण कापड म्हणून येईल.

फोटो छापायचा असेल तर आणखी एक बदल लागतो. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, आणि शाईचा सर्वांत गडद काळाही पडद्याच्या काळ्याइतका खोल जात नाही. चकचकीत कागदावर सावल्या बऱ्याच टिकतात, मॅट कागदावर त्या दबून जातात. आजींचा फोटो मॅट कागदावर काढायचा होता. पहिली छोटी प्रत काढली तेव्हा निऱ्यांच्या २५ च्या सावल्या आणि दाराची फट यांत काही फरक उरला नव्हता. सावल्यांचा भाग ४० पर्यंत उचलला, पडद्यावर तो थोडा धुरकट दिसू लागला, आणि कागदावर मात्र लुगड्याची प्रत्येक निरी वेगळी उमटली. घरच्यांना त्यांनी मागितल्याप्रमाणे रंगीत प्रतही दिली. लुगडे मुलीने घेतलेले होते आणि त्याचा हिरवा रंग त्यांना हवा होता.